तिनं अभ्यास केला होता

आमच्या बस्तीत दर रविवारी सकाळी मुलांची पाठशाळा भरते. गेली काही वर्षं मी तिथं शिकवते. मी बी.ए. झालेली बाई, शिक्षिका म्हणून कुठं नोकरी केलेली नाही. त्यामुळे शिकवणं म्हणजे आपल्याला जसं शिकवलं तसंच पुढं देणं, एवढंच मला ठाऊक होतं. पाठ करायचं, लिहून काढायचं, म्हणून दाखवायचं.

एका वर्षी सात तत्त्वांवर लहानशी परीक्षा घेतली. जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा, मोक्ष. त्यात गंमत म्हणून मी एक प्रश्न असा घातला: "घरात धूळ येत होती म्हणून वहिनींनी आधी खिडकी बंद केली आणि मग आत साचलेली धूळ झाडून काढली. यातलं कोणतं काम संवराचं आणि कोणतं निर्जरेचं?" वर्गातली एक बारा वर्षांची मुलगी, एरवी सगळ्यात पुढं असणारी, तिनं ती जागा कोरीच सोडली होती. मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "या वेळी अभ्यास केलेला दिसत नाही." तिचे डोळे भरून आले. पुढच्या रविवारी ती वही घेऊन आली. "काकू, मी वीस वेळा लिहिलंय," म्हणाली.

खरंच वीस वेळा लिहिलं होतं. पण कसं, ते नीट पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं. तिनं आधी 'संवर' हा शब्द एकाखाली एक वीस वेळा लिहिला होता, मग त्यापुढं 'म्हणजे' वीस वेळा, मग 'आस्रवाचा', मग 'निरोध'. उभ्या रांगा. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावलं की आम्हीही असंच लिहायचो, लवकर संपतं म्हणून. मी तिला म्हटलं, "संवर सांग." तिनं एका दमात सांगितलं, एक अक्षर चुकलं नाही. म्हणजे तिनं अभ्यास केला होता, आणि मी तिच्याबद्दल असत्य बोलले होते. ते असत्य मला बरेच दिवस टोचत राहिलं.

मानसशास्त्र हा माझा बी.ए.चा एक विषय होता. त्या वेळी परीक्षेपुरतं वाचून विसरलेली दोन नावं मी परत शोधून वाचली. फर्गस क्रेक आणि एंडेल टुल्विंग, दोघेही कॅनडातल्या टोरांटोचे. क्रेक यांनी रॉबर्ट लॉकहार्ट यांच्याबरोबर 1972 साली एक विचार मांडला, की एखादी गोष्ट किती काळ लक्षात राहील हे ती किती वेळा घोकली यापेक्षा मनानं तिच्यावर कोणतं काम केलं यावर ठरतं. 1975 साली क्रेक आणि टुल्विंग यांनी ते करून पाहिलं. माणसांना एकेक शब्द क्षणभर दाखवायचा आणि त्याबद्दल एक प्रश्न विचारायचा. काही शब्दांना प्रश्न असा, की हा मोठ्या अक्षरांत छापलाय का? काहींना असा, की अमुक शब्दाशी याचं यमक जुळतं का? आणि काहींना असा, की या वाक्यातल्या रिकाम्या जागी हा शब्द बसेल का? पुढं आठवणीची परीक्षा आहे हे त्यांना सांगितलेलंच नव्हतं. नंतर अचानक विचारलं, तेव्हा अक्षरांच्या रूपाबद्दल विचारलेले शब्द फार थोडे ओळखता आले, यमकाचे त्याहून जास्त, आणि वाक्यात बसवून पाहिलेले सगळ्यांत जास्त.

इथं कुणी म्हणेल, वाक्यात बसवायला वेळ जास्त लागतो, म्हणून ते लक्षात राहिलं असेल. ही शंका त्यांनाही आली. मग त्यांनी अक्षरांचंच पण किचकट काम दिलं. शब्दात स्वर आणि व्यंजनं कोणत्या क्रमानं आलीत ते तपासा. त्याला अर्थाच्या प्रश्नापेक्षा जास्त वेळ लागला, तरी लक्षात राहिलं कमीच. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीतल्या उभ्या रांगा मला इथं दिसल्या. तिचा हात तासभर चालला होता, पण 'निरोध' लिहिताना कशाचा निरोध, हे मनात येण्याचं कारणच नव्हतं. वरचा शब्द बघायचा, खाली उतरवायचा.

याहून मला हलवणारी गोष्ट आणखी एका प्रयोगात आहे. हाइड आणि जेन्किन्स या दोघांनी 1969 साली तो केला. काही लोकांना शब्द ऐकवून हे शब्द लक्षात ठेवा असं सांगितलं. दुसऱ्या काहींना तसं काहीच सांगितलं नाही, फक्त प्रत्येक शब्द मनाला सुखद वाटतो की नाही ते ठरवायला लावलं. लक्षात ठेवायचा हेतू नसलेल्या या लोकांना जवळजवळ तितकेच शब्द आठवले. उलट, अक्षरं मोजायला लावलेल्यांना फारच कमी.

आपल्याकडे लहानपणापासून भाव शिकवला जातो. हातून घडलेल्या कृतीइतकाच, किंबहुना जास्त, तिच्यामागचा भाव मोलाचा. कर्मबंधाच्या हिशोबात ते असेलच. पण स्मरणशक्ती मात्र भाव विचारत नाही. तिच्या दारात तळमळ घेऊन गेलं काय किंवा सहज गेलं काय, ती एवढंच विचारते, त्या गोष्टीचं तू मनात केलंस काय? म्हणून एखाद्या मुलाला आठवलं नाही यावरून त्याची तळमळ कमी होती असा निष्कर्ष काढणं हा आपला मोठा अन्याय आहे. 'कष्ट केले का' हा प्रश्न मुलाच्या वृत्तीचा. 'कष्टांनी काय केलं' हा प्रश्न पद्धतीचा, आणि पद्धत बहुतेक वेळा आम्हीच दिलेली असते. मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाहून पहिल्याचा निकाल दिला होता.

तरी एक कोडं राहत होतं. व्याख्या तर तिला पाठ होती. मग धुळीच्या प्रश्नाला ती आठवली का नाही? याचं उत्तर टुल्विंग यांच्या दुसऱ्या विचारात सापडलं. डोनाल्ड थॉमसन यांच्याबरोबर 1973 साली त्यांनी तो मांडला. त्यांचा प्रयोग असा. लोकांना 'काळा' हा शब्द 'आगगाडी' या शब्दाच्या जोडीनं दाखवला. नंतर वेगळ्या कामात 'पांढरा' शब्द देऊन म्हटलं, यावरून जे सुचेल ते लिहा. माणसं साहजिकच 'काळा' लिहीत. मग विचारलं, तुम्ही आत्ता लिहिलेल्यांपैकी कोणता शब्द मघाच्या यादीत होता? बऱ्याच जणांना स्वतःच्या हातानं लिहिलेला तो शब्द ओळखता आला नाही. आणि पुढं 'आगगाडी' हा शब्द दिला, की त्यांतल्या अनेकांना 'काळा' आठवला. शब्द मनात होताच, पण ज्या दोरीला बांधून आत सोडला होता तीच दोरी ओढावी लागली.

माझ्या सासूबाईंना भक्तामराचे 48 श्लोक तोंडपाठ होते. पण विसावा म्हणा म्हटलं की त्या पहिल्यापासून सुरू करायच्या. प्रत्येक श्लोकाची दोरी आधीच्या श्लोकाला बांधलेली. तसंच त्या मुलीचं. 'संवर म्हणजे' हे दोन शब्द हीच तिची दोरी होती. खिडकी, धूळ, वहिनी, यांच्यापासून संवराकडे जाणारी दोरी तिनं बांधली नव्हती, कारण ती बांधायला मी कधी सांगितलंच नव्हतं. शिकवताना एक दोरी द्यायची आणि परीक्षेत दुसरी ओढायची, हे मीच केलं होतं.

यावरून घोकंपट्टी टाकून द्या, फक्त अर्थ शिकवा, असं कुणी म्हणेल तर तेही खरं नाही. मॉरिस, ब्रान्सफर्ड आणि फ्रँक्स यांनी 1977 साली दाखवलं, की नंतरची परीक्षाच यमकाची घेतली तर यमकाकडे लक्ष देऊन शिकलेले लोक अर्थाकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पुढं जातात. म्हणजे अर्थाचं काम नेहमीच श्रेष्ठ असं नाही. पुढं ज्ञान कशासाठी लागणार आहे, त्याच्याशी जुळणारं काम आधी करायचं. पूजेत स्तोत्र म्हणायचं असेल तर ते म्हणूनच पाठ करायला हवं. नुसता अर्थ समजलेलं मूल तिसऱ्या चरणाला अडखळतंच. आणखी एक उणीव क्रेक यांच्या विचारावर टीकाकारांनी दाखवली आहे. 'खोल' काम कोणतं, तर जे जास्त लक्षात राहतं ते, असं म्हटलं तर आपण गोल फिरत राहतो. खोली मोजायची वेगळी काठी कुणाकडे नाही. मला वाटतं ही टीका बरोबर आहे. म्हणून मी 'खोल' शब्दापाशी न थांबता विचारते, कुठं वापरायचंय?

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणं, विचारणं, चिंतन करणं, शुद्ध पाठ करणं, दुसऱ्याला सांगणं. आमच्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं असा डंका मला पिटायचा नाही. तो स्वाध्याय तपासाठी आहे, परीक्षेतल्या गुणांसाठी नाही. पण पाचांतला एकच, आम्नाय, घेऊन मी पाठशाळा चालवत होते, एवढं मात्र मला त्या यादीनं सांगितलं.

आता मी सात तत्त्वं क्रमानं सांगायला लावते, आणि क्रम मोडूनही. भोक पडलेल्या नावेचा जुना दृष्टान्त फळ्यावर काढते. पाणी आत येतं तो आस्रव, साचतं तो बंध, भोक बुजवलं तो संवर, पाणी उपसलं ती निर्जरा. मग मुलांना म्हणते, नाव सोडून तुमच्या घरातला दाखला आणा. एकानं मोबाइलचा आणला. नको ते मेसेज येणं बंद केलं तो संवर, जुने पुसले ती निर्जरा. आठवड्यानं, मध्येच, दुसराच विषय चालू असताना विचारते. तिथं उत्तर आलं तरच समजते की दोऱ्या पुरेशा बांधल्या गेल्यात. वहीत किती वेळा लिहिलं ते मी आता बघत नाही.

त्या मुलीची मी वर्गासमोरच माफी मागितली. ज्यांच्यासमोर असत्य बोलले त्यांच्यासमोरच ते परत घ्यायला हवं होतं. ती लाजून म्हणाली, "काकू, राहू दे." मग मी तिला विचारलं, की खिडकी बंद केली पण धूळ झाडलीच नाही तर? तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग नवी येणार नाही, पण जुनी तिथंच राहील." व्याख्येतला एकही शब्द त्यात नव्हता.