न आलेल्या कोयत्यांचा हिशेब

दसरा उलटला की वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यातल्या वाहतूकदारांचे फोन रात्री अकरापर्यंत चालू असतात. पलीकडे बीड जिल्ह्यातला मुकादम असतो. "मालक, गाडी भरतीय, उद्या निघतोय." दुसऱ्या दिवशी तेच वाक्य, फक्त आवाज थोडा लांबून. मग फोन बंद. गावातला जाणता माणूस म्हणतो, "मुकादमाचा फोन लागत नाही म्हणजे टोळी कर्नाटकात उतरली." हे दर वेळी खरंच असतं असं नाही, पण पुष्कळदा असतं.

हंगामी माणसं पुरवणारा मध्यस्थ आणि वारंवार न येणारी माणसं, हा प्रश्न कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतही आहेच. पण तिथे ठेकेदाराचं बिल हजेरीवर निघतं. माणूस आला नाही तर त्याचे पैसे लागत नाहीत आणि नोटिशीची मुदत संपली की ठेकेदार बदलता येतो. उसात पैसे आधी जातात आणि माणसं मागून येतात. सगळी गुंतागुंत या उलट्या क्रमात आहे. ज्याने उचल दिली त्याला करार मोडायचा धीर होत नाही, कारण करार मोडला की पैसे बुडाले असं त्याला वाटतं. मला उलट दिसतं. न मोडलेला करारच पैसे बुडवतो, आणि करार मोडायची तयारी उचल देण्याच्या दिवशीच करावी लागते.

आधी हे करार किती ते पाहू. एक कारखाना आणि वाहतूकदार यांच्यातला, बराचसा छापील. दुसरा वाहतूकदार आणि मुकादम यांच्यातला, मुद्रांकावर, नोटरीपुढे. तिसरा मुकादम आणि कोयत्यांचा, म्हणजे नवराबायकोच्या जोड्यांचा, आणि तो बहुतेक वेळा तोंडीच असतो. मधला करार मोडल्याने पहिला मोडत नाही. कारखान्याला ऊस पोचवायची वाहतूकदाराची जबाबदारी तशीच राहते आणि उचलीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याजही चालूच राहतं. म्हणून तो दोन्हीकडून दाबला जातो आणि दोन महिने "येतील, येतील" म्हणत बसतो.

एक उदाहरण मांडतो. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल घेतले आहेत. इस्लामपूरजवळच्या एका ट्रॅक्टरमालकाने सोळा कोयत्यांचा करार केला. कोयत्यामागे ऐंशी हजार, म्हणजे १२ लाख ८० हजारांची उचल पोळ्यापर्यंत दिली. ५ नोव्हेंबरला आले अकरा कोयते. पाच "दिवाळी करून येतील" असं ठरलं. त्यातले तीन आले, दोन आलेच नाहीत. डिसेंबरात चार जोड्या रात्रीतून निघून गेल्या. संक्रांतीच्या आधी आणखी दोन जोड्या आठवडा आठवडा गायब. १० जानेवारीला हिशेब केला तेव्हा, राहिलेल्यांचेही खाडे धरून, साठ कामाच्या दिवसांत सरासरी नऊच कोयते फडात होते. एक जोडी दिवसाला दीड टन तोडते असं धरलं तर १४४० टन व्हायला हवे होते, झाले ८१०.

आता तो म्हणतो, करार मोडतो, पैसे परत दे आणि नुकसानही भर. मुकादम विचारतो, "पाच कोयते कमी होते तेव्हा काय बोलला नाहीस? चालवून घेतलंस की!" आणि इथे मुकादमाच्या बाजूने कायद्याचा एक धागा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ चा मथितार्थ असा: वेळ हाच ज्या कराराचा गाभा आहे, त्यात ठरल्या वेळी काम झालं नाही तर समोरच्याला करार मोडता येतो. पण त्याने करार न मोडता उशिराचं काम स्वीकारलं, तर त्या उशिराची भरपाई मागण्याचा हक्क जातो. काम स्वीकारतानाच "भरपाईचा हक्क राखून घेतोय" असं कळवलं असेल तरच तो टिकतो. दिवाळीनंतर आलेले तीन कोयते काही न बोलता फडात उतरवले, तिथेच त्यांच्या उशिराचा दावा पातळ झाला. जे आलेच नाहीत त्यांचा दावा उरतो, पण पुढे वकील भांडणार तो या गप्प बसण्यावरच.

यावरचा उपाय चार ओळींचा आहे आणि तरीही तो कोणी करत नाही. पहिल्याच सकाळी कागद: "सोळा ठरले, अकरा हजर. अकरांकडून काम घेत आहे, म्हणजे उरलेल्या पाचांबाबतचा हक्क सोडला असे नाही. अमुक तारखेपर्यंत पाच न आल्यास करार रद्द करण्यास मी मोकळा आहे." मुकादम फडातच असतो, त्याला प्रत देऊन सही घ्यावी. सही नाकारली तर दोन साक्षीदार बोलवावेत आणि त्याच्या गावच्या पत्त्यावर पोचपावतीने टपाल पाठवावं. भांडण होईल म्हणून लोक हे टाळतात. पण पहिल्या दिवशीचं भांडण स्वस्तात मिटतं, जानेवारीतलं मिटत नाही.

दुसरा कागद हजेरीचा. ही वही वाहतूकदाराच्या खिशात असली तर तिला फारशी किंमत नाही, कारण ती एकाच बाजूने लिहिलेली असते. रोज किंवा निदान आठवड्याने तिच्यावर मुकादमाची सही हवी. तिच्याही पलीकडचा पुरावा कारखान्याच्या काट्यावर तयार होत असतो. वजनाच्या पावतीवर तारीख, गाडी, टन सगळं असतं आणि ती पावती दोघांपैकी कोणीच लिहिलेली नसते. अकरा कोयत्यांच्या दिवसाचे टन आणि सात कोयत्यांच्या दिवसाचे टन शेजारी ठेवले की गैरहजेरी आपोआप वाचता येते. मात्र एक जपावं लागतं. गाडी काट्यावर रांगेत अडकली किंवा चिटबॉयने तोडच दिली नाही, तर तो टनांचा खड्डा मुकादमाच्या माथी मारता येत नाही. असे दिवस वहीत वेगळे लिहावे लागतात. जो ते लिहीत नाही त्याची बाकीची वहीही खोटी ठरवली जाते.

मग बदली टोळी. ज्याचं नुकसान झालं त्याने ते वाढू न देण्याची खटपट केली पाहिजे, हे कलम ७३ च्या स्पष्टीकरणातून येतं. ट्रॅक्टर पारावर उभा करून "माझे दिवस बुडाले" म्हणणाऱ्याला कमी मिळतं. आपल्या उदाहरणातल्या मालकाने जतकडची एक टोळी टनाला शंभर रुपये जास्त देऊन आणली आणि तिच्याकडून ३०० टन काढून घेतले. ते तीस हजार हा त्याच्या दाव्यातला सगळ्यात भक्कम आकडा, कारण पावती आहे. करारात "गैरहजर कोयत्यामागे पन्नास हजार दंड" असं लिहिलेलं असलं तरी न्यायालय तो दंड डोळे झाकून देत नाही. कलम ७४ नुसार तो आकडा वरची मर्यादा असतो, आणि तिच्या आत वाजवी भरपाई मिळते.

शेवटी रद्द केल्याचं पत्र आणि त्याला जोडलेला हिशेब. जानेवारी २०२४ मध्ये मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधल्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. तोच धरला तर ८१० टनांची तोड होते २,९६,४६०. त्यावर मुकादमाचं कमिशन २० टक्के, म्हणजे ५९,२९२. दोन्ही मिळून ३,५५,७५२ फिटले आणि १२,८०,००० मधून ९,२४,२४८ राहिले. आठवड्याची खर्ची यात धरलेली नाही, ती वेगळी.

हा वजाबाकीचा कागद कंटाळवाणा वाटतो, पण खटले त्याच्यावरच पडतात. उचल देताना मुकादमाकडून कोरा धनादेश घेऊन ठेवायची पद्धत आहे. रागाच्या भरात मालक त्यावर पूर्ण बारा लाख ऐंशी हजार लिहितो आणि बँकेत टाकतो. मधल्या काळात काही रक्कम फिटलेली असेल आणि धनादेश तरीही पूर्ण रकमेचा वटवायला टाकला, तर तेवढं कायदेशीर देणं त्या दिवशी नव्हतंच, सबब धनादेश न वटल्याचा, कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. टोळीने तोडलेल्या आठशे टनांचा विसर पडला की सगळी केस जाते.

पोलीस ठाण्याचंही तसंच. फसवणुकीच्या तक्रारी दर हंगामात होतात आणि त्यांतल्या अनेकांना "हा दिवाणी वाद आहे" हे उत्तर मिळतं. करार मोडणं आणि फसवणूक यांत फरक इतकाच की उचल घेतानाच न येण्याचा इरादा होता का. हा इरादा पाताळात शोधावा लागत नाही. करारासोबत कोयत्यांची नावं आणि आधार क्रमांकांची यादी घेतलेली असेल, आणि तीच नावं त्याच महिन्यात दुसऱ्या वाहतूकदाराच्या यादीत सापडली, तर तो पुरावा. नुसतं "सोळा कोयते" असं लिहिलेल्या करारात शोधायला काही नसतंच.

इथपर्यंत मी वाहतूकदाराच्या ओसरीवर बसून बोललो. आता दुसऱ्या बाजूने बघायला हवं, कारण वरच्याच दराने एका जोडीचा हिशेब केला तर वेगळंच दिसतं. दिवसाला दीड टन, हंगामाचे १२० दिवस, १८० टन, म्हणजे ६५,८८० रुपये. उचल ऐंशी हजार. एक दिवसही न चुकता राबलेली जोडी हंगाम संपताना चौदा हजारांची बाकीदार असते, आणि यात आठवड्याची खर्ची नाही, बाळंतपण नाही, पायावर बसलेला कोयता नाही. अशा जोडीला दुसऱ्या मुकादमाने पुढची उचल दाखवली की ती जाते. तिला बेइमान म्हणण्याआधी ही वजाबाकी तरी करावी.

म्हणून करार मोडायचा तो मुकादमाशी. जोडीला धरून ठेवायचं नाही. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचं नाही, हलायचं नाही, ही अट १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या व्याख्येत सरळ बसते. त्या व्याख्येत बसणारं कर्ज फेडायची जबाबदारीच तो कायदा संपवतो. मुकादमाला गाडीत घालून आणणं, कोणाच्या पोराला किंवा बैलांना ठेवून घेणं, आधार कार्डं कपाटात कोंडणं, असल्या "वसुली"नंतर फिर्यादी हाच आरोपी होतो. आपल्याकडे या गोष्टी हळू आवाजात आणि थोड्या अभिमानाने सांगितल्या जातात, हे मला नेहमी खटकतं.

उचल तीन हप्त्यांत द्यावी, पोळ्याला एक, गाडी भरताना दुसरा, पंधरा दिवसांच्या हजेरीनंतर तिसरा, असं मी एका जुन्या वाहतूकदाराला सुचवलं. तो हसला. "पलीकडचा एकरकमी देतोय. माझ्याकडं कोण येईल?" त्याचं खोटं नाही. सगळ्यांनी मिळून केलं तरच ते चालेल, आणि सगळे मिळून काही करत नाहीत. हार्वेस्टरचा पर्याय आहे, पण त्याला रुंद सरी, मोठा तुकडा आणि कोरडी जमीन लागते. कृष्णाकाठच्या अर्ध्या-पाऊण एकराच्या ओल्या रानात ते यंत्र वळतही नाही.

राहिले ते फडात उरलेले कोयते. मुकादमाचा करार दहा तारखेला रद्द झाला तेव्हा ते फडात मोळ्या बांधत होते. त्यांनी काही मोडलं नव्हतं. अशा जोड्यांशी मालकाने त्याच दिवशी थेट नवा कागद करावा. टनाचा दर त्यात, आठवड्याचा पगार हातात, आणि जुनी बाकी त्या कागदावर चढवायची नाही. ती मुकादमाच्या ९,२४,२४८ मध्येच राहू द्यायची. ज्यांना राहायचं नाही त्यांना गावापर्यंतचं भाडं द्यावं. वाहतूकदारांना ही शेवटची ओळ पटत नाही. एकाने मला विचारलं, "एवढं बुडवून वर भाडं?" मी म्हटलं, बुडवलं कोणी ते तुझ्या वहीत बघ. त्याच्या वहीत त्या जोड्यांची नावंच नव्हती.