साठीनंतरची लय

चरकसंहितेत वाजीकरणाचा विचार करताना पुरुषाच्या कामजीवनाला वयाच्या दोन सीमा आखून दिल्या आहेत: सोळाच्या अलीकडे नको आणि सत्तरीच्या पलीकडे नको. आजचा सत्तरीचा माणूस त्या काळच्या सत्तरीहून वेगळा, म्हणून दुसरी सीमा आपण थोडी सैल धरू. पण मला नवल वाटते ते या गोष्टीचे, की ज्या ग्रंथाला आपण पुरातन म्हणतो त्याने साठ ते सत्तर हे दशक निःसंकोच खुले ठेवले होते, आणि आपण मात्र साठीशांतीचा होम विझण्याच्या आतच ते दार लावून घेतो. इथे धाराशिवात, आणि बहुधा सगळ्याच मराठी घरांत, त्यासाठी कुणी कुणाला काही सांगावे लागत नाही. नातवंड आजीच्या कुशीत झोपू लागते, आजोबांची खाट पुढच्या खोलीत येते, आणि चाळीस वर्षांचा शरीरसंवाद एका रात्रीत गृहव्यवस्थेचा भाग म्हणून संपतो.

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले तेव्हा वाचकांचे लैंगिक प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरे छापण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. त्याच उत्तरांवरून 1934 मध्ये खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांना जे विचारावेसे वाटते ते विचारू द्यावे, एवढ्यासाठी केवढी माणसे झुंजली! तरीही त्यानंतरच्या नव्वद वर्षांत साठीच्या पुरुषाचा प्रश्न त्याच्या ओठांवर आलेला मी क्वचितच पाहिला आहे.

माझ्या एका स्नेह्यांनी तो विचारला. अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त शिक्षक, सकाळी लेण्यांच्या रस्त्याला फिरायला जाणारे. एका लग्नघरून जड जेवण करून उशिरा परतल्यावर पत्नीजवळ असताना ताठरता आली आणि मध्येच ओसरली. पुढच्या वेळी ते पत्नीकडे नव्हे, स्वतःकडेच पाहत राहिले: येते आहे का, टिकते आहे का? भयाने शरीरात जे स्राव उसळतात ते शिश्नातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात; म्हणजे परीक्षकच परीक्षा बिघडवत होता. त्यात आणखी एक दुःख, जे त्यांनी खाली मान घालून सांगितले: सुखाचा उत्कर्ष जाणवतो, पण वीर्य बाहेर येतच नाही. अन्नाचे रक्त आणि रक्ताचे वीर्य होते, ते जपून ठेवायचे असते, हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला त्या कोरडेपणात स्वतःचा अंतच दिसला असणार.

सोलापूरच्या ज्या डॉक्टरांकडे ते अखेर गेले, त्यांनी पहिला प्रश्न अनपेक्षित विचारला: पहाटे जाग येताना कधी ताठरता असते का? असते, अधूनमधून. मग मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या आपले काम जाणतात, कारण झोपेतल्या त्या क्षणी मनाची भीती मध्ये नसते. दुसरे उत्तर त्यांच्याच गोळ्यांच्या पाकिटात होते. प्रोस्टेटसाठी रात्री घ्यायच्या टॅमसुलोसिनने मूत्राशयाचे मुख सैल पडते, आणि स्खलनाच्या वेळी वीर्य पुढे येण्याऐवजी मागे मूत्राशयात जाऊ शकते, किंवा बाहेर पडतच नाही. त्यात अपाय काही नाही, आणि आटलेही काही नाही.

त्यांनी ते मला सांगितले त्या संध्याकाळी मी बराच वेळ विचार करीत राहिलो की वय आपल्याकडून नेमके काय घेते. तारुण्यात दृष्टी पुरते, कल्पना पुरते, कधी कल्पनाही लागत नाही. साठीनंतर शरीराला प्रत्यक्ष स्पर्श लागतो, हाताचा, सावकाश, आणि जे सेकंदांत होत असे त्याला काही मिनिटे लागतात. ताठरता येते ती पूर्वीइतकी कठीण नसते. स्खलनाचा वेग आणि वीर्याचे प्रमाण घटते, त्यानंतर शरीर लवकर निवते, आणि पुन्हा सिद्ध व्हायला तरुणपणी जिथे अर्धा तास पुरे तिथे एक दिवस लागतो, सत्तरीत कधी दोन-तीन. टेस्टोस्टेरॉन वर्षाला सुमारे एक टक्का उतरत असते, त्यामुळे इच्छेचा स्वर मंद होतो, पण बहुतेकांत तो विझत नाही. उलट, स्खलनाची घाई कमी होते. प्रत्येक समागमात ते व्हायलाच हवे असेही उरत नाही, आणि जो पुरुष हे मान्य करतो त्याच्या हाती तो वेळ येतो जो त्याच्या पत्नीला तरुणपणी कधी मिळाला नव्हता. हे सारे साठी-सत्तरीचे स्वाभाविक रूप आहे. याला औषध नको, ओळख हवी.

मात्र एक बदल वयाच्या खात्यावर टाकू नये. पहाटेचीही ताठरता नाहीशी झाली, काही महिन्यांत सारे क्षीण झाले, तर तो रक्तवाहिन्यांचा निरोप असू शकतो. शिश्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. मेद साचू लागला की अरुंद वाट आधी कोंडते, त्यामुळे हृदयविकाराची ही खूण छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षे आधी दिसू शकते. माझ्या स्नेह्यांची तपासणी त्यासाठीच झाली: रक्तदाब, उपाशीपोटीची शुगर, तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी, आणि सकाळी घेतलेले टेस्टोस्टेरॉन, कारण ते सकाळी सर्वाधिक असते. शुगर वाढलेली निघाली. दाढेखालची तंबाखू सुटली, चालण्याचा वेग इतका वाढला की बोलताना धाप लागावी: आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटे. अशा व्यायामाचा गुण दिसायला सहा महिने जातात, हेही त्यांना आधीच सांगितले होते.

पत्नीही एकदा सोबत गेल्या, आणि मला वाटते खरे वळण तिथे आले. पाळी गेल्यावर योनिमार्ग कोरडा व नाजूक होतो, त्यांना दुखत होते, आणि नवऱ्याची माघार त्यांनी मुकाट्याने सुटका समजून स्वीकारली होती. दोघे एकमेकांना जपत दूर सरकत होते! पाण्यावर आधारित वंगण जेल, रात्रीच्या जेवणानंतरच्या शिणाऐवजी पहाटेची विश्रांत वेळ, आणि पहिले काही आठवडे समागमाचा हेतू न ठेवता केवळ स्पर्श, एवढ्यावर भय उतरू लागले. ही जवळीक चालू राहण्याला आणखी एक आधार आहे: फिनलंडमधल्या टाम्पेरे परिसरातल्या पंचावन्न ते पंचाहत्तर वयाच्या पुरुषांचा पाठपुरावा 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला एकदाही समागम न करणाऱ्यांत पुढे ताठरतेची तक्रार साधारण दुप्पट आढळली. कोण कशाचे कारण, हे अशा निरीक्षणातून पुरते ठरत नाही. पण रक्त न मिळणारा स्नायू आपली लवचिकता गमावतो, हे शरीरशास्त्र त्याला अनुकूल आहे.

गोळीही त्यांनी घेतली, सिल्डेनाफिलची, लहान, पंचवीस मिलिग्रॅमची, तासभर आधी, आणि तेलकट जेवणानंतर नाही, कारण स्निग्ध अन्नाने ती उशिरा लागू पडते. ती इच्छा निर्माण करीत नाही. स्पर्शाने सुरू झालेला रक्ताचा ओघ तेवढा टिकवते. ती देण्याआधी डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा विचारली: छातीसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट घरात आहे का, कधी घेता का? दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब प्राणघातक पातळीपर्यंत कोसळू शकतो. जिथे दुकानदार चिठ्ठीशिवाय ही गोळी हातात ठेवतात आणि आजोबा ती कुणाला न सांगता घेतात, तिथे हा प्रश्न विचारलाच जात नाही. त्यांची टॅमसुलोसिनही रक्तदाब उतरवणारी, म्हणून दोहोंत अंतर ठेवले गेले, आणि उठताना भोवळ येते का याकडे पत्नीने लक्ष ठेवायचे ठरले. सहा महिन्यांनी गोळीची गरज क्वचितच उरली होती.