‘स्थिर’ म्हणजे नेमके काय?

५ मे २०२४ रोजी झालेल्या ‘नीट’ परीक्षेत भौतिकशास्त्राचा एक प्रश्न दोन विधानांचा होता. पहिले विधान असे, की धन आणि ऋण प्रभार सारखे असल्यामुळे अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरे असे, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. दुसरे विधान बरोबर की चूक, हे सारे ‘स्थिर’ या एका शब्दावर अवलंबून होते. अणुरचनेच्या धड्यात स्थिर म्हणजे न कोसळणारा. केंद्रकाभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा घटत जाऊन तो आत पडायला हवा, पण तो पडत नाही. या अर्थाने रेडियमचा अणूसुद्धा स्थिर आहे. किरणोत्साराच्या धड्यात मात्र स्थिर म्हणजे ज्याच्या केंद्रकाचा ऱ्हास होत नाही असा, आणि या अर्थाने रेडियम अस्थिर आहे. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात’ असे वाक्य होते, नव्या आवृत्तीत ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असा बदल झाला होता.

पुढचा इतिहास अनेकांना आठवत असेल. आधी एकच पर्याय बरोबर ठरला, मग जुन्या पुस्तकाचा हवाला आल्यावर दोन्ही पर्यायांना गुण मिळाले, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांनी दुसरे विधान चूक मानणारा पर्यायच खरा ठरवला. दोन्ही विधाने बरोबर मानणारा पर्याय निवडणारे चार लाखांहून अधिक विद्यार्थी होते. बरोबर उत्तराचे चार गुण गेले आणि चुकीचा एक वजा झाला, म्हणजे प्रत्येकाचे पाच गुण कमी झाले. ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण होते. त्यांतल्या ४४ जणांचे पूर्ण गुण याच प्रश्नावर उभे होते. सुधारित निकालात पूर्ण गुणांचे १७ जण उरले. तज्ज्ञांनी उत्तराचा वाद मिटवला, पण पेपर हातात असताना ‘स्थिर’चा कोणता अर्थ घ्यायचा, हे विद्यार्थ्याला सांगणारे प्रश्नात काहीच नव्हते. माझ्या मते दोष तिथे होता, आणि तो पेपर छापण्यापूर्वी दोन शब्दांत दूर होण्यासारखा होता.

ते दोन शब्द कोणते, हे ठरवण्याआधी प्राश्निकाने स्वतःला विचारायला हवे, की मला तपासायचे काय आहे? किरणोत्साराची जाण तपासायची असेल, तर ‘प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचे केंद्रक स्थिर असते’ एवढे म्हटले की पुरे. ‘केंद्रक’ हा शब्द आल्याने अर्थ एकच उरतो, पण उत्तर उघडे पडत नाही. काही मूलद्रव्यांच्या केंद्रकांचा ऱ्हास होतो, हे विद्यार्थ्याला स्वतःच आठवावे लागते. त्याऐवजी ‘युरेनियमसह प्रत्येक मूलद्रव्याचे’ असे लिहिले, तर अर्थ तितकाच स्वच्छ होतो, पण युरेनियमचे नाव घेताच उत्तर सांगून झालेले असते. शब्द कशाबद्दल आहे ते सांगावे, उत्तराकडे कसे जायचे ते सांगू नये. प्रश्नाची भाषा सुधारताना ही मर्यादा सर्वांत आधी पाळावी लागते.

शालेय गणितात ही मर्यादा अधिक स्पष्ट दिसते. ‘सीमाजवळ १२ पेन आहेत. रेखाजवळ तिच्यापेक्षा तीनपट जास्त पेन आहेत. दोघींजवळ मिळून किती?’ हे दोन गुणांचे उदाहरण घेऊ. ‘तीनपट जास्त’ म्हणजे तिप्पट, असे मानले तर रेखाजवळ ३६ आणि दोघींजवळ ४८ पेन होतात. १२ मध्ये आणखी ३६ मिळवायचे, असे मानले तर रेखाजवळ ४८ आणि दोघींजवळ ६० होतात. दोन्ही वाचने मराठीत चालतात, त्यामुळे ६० लिहिणाऱ्या मुलाला गुणाकार येत नाही असे कोणी म्हणू शकत नाही. पहिला अर्थ हवा असेल तर ‘सीमाच्या तिप्पट’ लिहावे. गुणाकाराची पायरी, बेरजेची पायरी आणि प्रत्येकी एक गुण जसेच्या तसे राहतात. ‘रेखाजवळ ३६ पेन आहेत’ असे केले, तर प्रश्न स्वच्छ होईल, पण एक पायरी आपणच सोडवून दिलेली असेल आणि दोन गुणांचे उदाहरण एका गुणाचे उरेल. म्हणून सुधारलेला प्रश्न मूळ प्रश्नाशेजारी ठेवून पायऱ्या मोजाव्यात आणि कोणती पायरी कमी झाली का ते पाहावे.

इथे एक रास्त शंका येते. सुधारल्यावर जास्त मुलांचे उत्तर बरोबर आले, तर काठिण्य पातळी खाली आली असे नाही का? मला तसे वाटत नाही. ६० लिहिणारी मुले गणितात चुकली नव्हती. ती आता बरोबर ठरली, तर टक्केवारी वाढेल, पण प्रश्नाला लागणारे गणित तेवढेच राहील. काठिण्य निकालाच्या टक्केवारीवर मोजले, तर दिशाभूल करणारा प्रत्येक प्रश्न ‘कठीण’ ठरेल. संदिग्धतेची खूण वेगळी असते. एरवी चांगले गुण मिळवणारी मुले एकाच प्रश्नावर दोन पर्यायांत विभागलेली दिसली, तर विषयाच्या अडचणीआधी शब्दांवर संशय घ्यावा. खरोखर कठीण प्रश्नात सहसा कच्ची मुले भरकटतात आणि पक्की मुले बऱ्यापैकी एका बाजूला राहतात.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. व्यवहारात प्रश्न नेमके येत नाहीत, मग संदिग्धतेतून वाट काढणे हेही विद्यार्थ्याने शिकू नये का? जरूर शिकावे. पण तेच तपासायचे असेल तर तसे सांगून तपासावे. ‘तुम्ही कोणते गृहीत धरले ते लिहा’ अशी सूचना द्यावी आणि त्या गृहीतालाही गुण ठेवावेत. एका पर्यायाचा गोल काळा करायला लावणाऱ्या परीक्षेत गृहीत लिहायला जागा नसते. तिथे संदिग्धतेचा निकाल अंदाजावर लागतो. परीक्षेनंतर सर्वांना गुण देऊनही भरपाई पूर्ण होत नाही. दोन अर्थांत अडकून गेलेली मिनिटे परत येत नाहीत, आणि ज्याने विचारपूर्वक उत्तर दिले त्याची मेहनत अंदाजाने गोल भरणाऱ्याच्या मेहनतीइतकीच मोजली जाते.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी यात आणखी एक पेच आहे. पाठ्यपुस्तकी मराठीत ‘स्थिर’ म्हणजे न हलणारा, हा तिसरा अर्थही रुळलेला आहे. इंग्रजीत एका शब्दाचे दोन अर्थ असतील, तर भाषांतरात ते तीन होऊ शकतात. म्हणून मराठी पेपर इंग्रजीशी ताडून पाहणे पुरेसे नाही. ज्यांनी इंग्रजी प्रत पाहिलेली नाही अशा दोन शिक्षकांनी तो स्वतंत्रपणे सोडवावा. त्यांची उत्तरे जुळली नाहीत, तर तो प्रश्न सुधारल्याशिवाय छापायला जाऊ नये. आज ‘नीट’ मराठीतूनही देता येते, पण भाषांतराबद्दल वाद झाला तर इंग्रजी प्रत अंतिम मानली जाते. म्हणजे मराठीत वाचणाऱ्या मुलाने जे वाचले, त्यापेक्षा त्याने न वाचलेल्या वाक्याला अधिक वजन मिळते.