पहिल्या पगाराची चिठ्ठी

माझी भाची काचीगुड्यात वाढली आणि आता गच्चीबावलीला नोकरी करते. पहिल्या पगारात तिने आईसाठी नारायणपेठ घेतली, बाबांसाठी घड्याळ. सोबतच्या चिठ्ठीत दोघांसाठी गाण्यांची नावं लिहायची होती. आईसाठी तिने आधी ‘प्रेमस्वरूप आई’ निवडलं. मी म्हटलं, बाळा, माधव जूलियनांची ही कविता आई गेल्यावरची आहे. यशवंतांची ‘आई म्हणोनी कोणी’ही तशीच. आई समोर बसलेली असताना ही विरहाची गाणी कशी द्यायची?

मग बाबांसाठी ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ पुढे आलं. संदीप खरे यांच्या या गाण्यात मुलीला वेळ देता येत नाही म्हणून बापच हळहळतो. म्हणजे आभार मुलीने स्वतःच्या शब्दांत मांडायला हवेत. नुसतं नाव लिहिलं, तर बाबांना ती तक्रार वाटायची. तिने लिहिलं, ‘बाबा, रात्रपाळी करून आल्यावरही माझा डबा तुम्ही भरलात. हे गाणं ऐका, पण अपराधी वाटून घेऊ नका. मला काही कमी पडलं नाही.’

दुसरं गाणं हैदराबादचं, तेलुगू. २०१६च्या ‘नान्नकु प्रेमतो’ चित्रपटाचं शीर्षकगीत. संगीतकार देवी श्री प्रसाद यांचे वडील त्याच्या थोडंच आधी गेले होते, तरी गाण्याचा सूर कृतज्ञतेचाच आहे. बाबांना तेलुगू छान कळतं.

आईसाठी मात्र तिला मनासारखं गाणं मिळेना. तिथे तिने लिहिलं, ‘आई, माझ्या फीसाठी मोडलेल्या तुझ्या पाटल्या मला आठवतात. तुझं गाणं तूच सांग, रविवारी सगळे मिळून ऐकू.’