शब्द टाकल्यानंतर

स्थळ सुचवणाऱ्या माणसाची एक ठरलेली तक्रार असते. पत्रिका त्याने पोचवलेली असते, दोन्ही घरी फोन त्यानेच केलेले असतात, आणि पुढे काय झालं ते त्याला सहा महिन्यांनी कुणाच्या तरी बारशात कळतं. जमलं की फिसकटलं याचं त्याला फारसं काही नसतं. मधे आपण उभे होतो आणि आपल्यालाच कुणी सांगितलं नाही, एवढंच खुपतं. ऑफिसात ओळखीच्या माणसाचं नाव सुचवण्याला आम्ही रेफरल म्हणतो. माझी आई त्याला शब्द टाकणं म्हणते, आणि मला तिचंच म्हणणं जास्त नेमकं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात मी असा एक शब्द टाकला. शेजारच्या टीममध्ये टेस्टिंगची जागा निघाली होती. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीची धाकटी बहीण त्याच कामातली, चार वर्षं अनुभव असलेली. जेवणाच्या टेबलावर मी त्या टीमच्या मॅनेजरला तिच्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "पाठव की." मंगळवारी मी पोर्टलवर तिचं नाव आणि सीव्ही टाकला, तिला लिंकचा मेल गेला, आणि संध्याकाळी तिचा निरोप आला, "भरला फॉर्म, थँक्यू ताई." त्यानंतर शांतता.

दोन आठवड्यांनी लिफ्टमध्ये मॅनेजर भेटला. "ती मुलगी अर्ज करणार होती ना? बेत बदलला वाटतं." तोपर्यंत त्याने पाच जणांची पहिली फेरी उरकली होती.

झालं होतं ते असं. चार महिन्यांपूर्वी तिने आमच्याच कंपनीत, करिअरच्या पानावरून, वेगळ्याच जागेसाठी अर्ज केला होता आणि विसरून गेली होती. आता त्याच ईमेलने लिंक उघडल्यावर सिस्टिमने तिला ओळखलं आणि 'तुमचा अर्ज आमच्याकडे आधीच आहे' असा संदेश दाखवला. तिला वाटलं, काम झालं. प्रत्यक्षात तिची फाइल जुन्या जागेला चिकटलेली राहिली, नव्या जागेच्या यादीत आलीच नाही. मॅनेजरला तर फक्त रिक्रूटरने पुढे पाठवलेली नावं दिसतात. माझ्या पडद्यावर तिच्या नावापुढे 'डुप्लिकेट' एवढाच शब्द होता, आणि तो बघायला मी पोर्टल उघडलंच नव्हतं. म्हणजे मॅनेजरला वाटत होतं तिने अर्ज केला नाही, मला वाटत होतं त्याने सीव्ही बाजूला ठेवला, आणि तिला वाटत होतं आम्ही दोघं बघतोच आहोत.

त्या संदेशाचा फोटो तिने त्याच संध्याकाळी मला पाठवला असता तर रिक्रूटरला सांगून दहा मिनिटांत फाइल नव्या जागेला जोडता आली असती. शेवटी तशीच जोडली, पण सतरा दिवसांनी. आधीचा अर्ज सहा महिन्यांच्या आतला असल्यामुळे नियमाने ते रेफरल माझ्या नावावर धरलं गेलं नाही. म्हणजे ती रुजू होऊन तीन महिने टिकली असती तरी बोनस नाही. त्याचं काहीच वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही.

मी तिला विचारलं, कळवलं का नाहीस? ती म्हणाली, "तुम्हाला सारखा त्रास कशाला द्यायचा?" आपल्याकडे हा संकोच संस्कार म्हणून शिकवला जातो. काम सांगून झाल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे मागे लागणं, असं आपल्याला वाटतं. पण विचारणं आणि कळवणं यांत फरक आहे. "काय झालं?" असं विचारलं की समोरच्याला उत्तर शोधावं लागतं. "अर्ज केला, असा संदेश आला" असं कळवलं तर त्याला काहीच करावं लागत नाही, आणि करण्यासारखं असलं तर ते वेळेत दिसतं.

मग आम्ही दोघींनी बसून मॅनेजरला मेल लिहिला. पाचच ओळी. कोणती जागा, तिचा क्रमांक, अर्ज कोणत्या तारखेला आणि कोणत्या ईमेलने केला, नाव कुणी सुचवलं, आणि नोटीस पिरियड किती. शेवटची ओळ तिला अनावश्यक वाटत होती. पण नव्वद दिवसांची नोटीस असणाऱ्या आपल्या आयटीत 'माणूस चांगला आहे का' याच्या पाठोपाठ मॅनेजरच्या मनात 'येणार कधी' हाच प्रश्न असतो. तिचे नव्वदातले तीस दिवस सुट्टीत आणि पैसे भरून कमी होण्यासारखे होते. ते लिहिलं. 'माझा विचार व्हावा' वगैरे खोडलं. निकालाची विचारणाही खोडली. ती रिक्रूटरकडे करायची, आणि तीही दहाएक कामाचे दिवस जाऊ देऊन. मॅनेजरला थेट गाठून रिक्रूटरला वळसा घातला की पुढचा प्रत्येक कागद हलवणारा माणूसच दुखावतो.

त्या पहिल्या मेलमध्ये मी सीसीत होते. ओळख माझ्यामार्फत झाली होती, तेव्हा ते रीतीला धरून होतं. पुढच्या मेलपासून मला वगळ, असं मीच तिला सांगितलं. मुलाखतीची वेळ, पगाराचा आकडा, काय कमी पडलं, या तिच्या आणि त्यांच्या गोष्टी. मी त्यात राहिले तर मॅनेजर मोकळेपणाने लिहिणार नाही, आणि उद्या कॅन्टीनमध्ये आम्ही दोघं उगाच एकमेकांची नजर चुकवू. मला वेगळा व्हॉट्सअ‍ॅप पुरे: फोन आला, पहिली फेरी झाली, पुढची सोमवारी आहे. मुलाखतीत काय विचारलं ते मला नको. उद्या मी दुसऱ्या कुणाचं नाव सुचवलं तर ते प्रश्न माझ्याकडे असणं बरं नव्हे.

हे सगळं तिने किती पटकन उचललं ते दुसऱ्या फेरीनंतर दिसलं. तिला दुसऱ्या एका कंपनीची ऑफर आली, उत्तर द्यायची मुदत शुक्रवार. आमची शेवटची फेरी पुढच्या सोमवारी होती. बरेच जण इथे गप्प बसतात, नाहीतर ऑफरचा आकडा पुढे करून भाव वाढवू बघतात. तिने त्याच संध्याकाळी रिक्रूटर आणि मॅनेजर दोघांना मिळून लिहिलं: एक ऑफर आहे, शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, तुमच्याकडे काम करायची इच्छा आहे, फेरी आधी होऊ शकेल का? आकडा लिहिला नाही. आणि मला एक ओळ, "ताई, दुसरी ऑफर आली आहे. बाहेरून कळण्याआधी तुम्हाला सांगते." फेरी गुरुवारी सकाळी झाली.

आमच्याकडे तिला नोकरी मिळाली नाही. शेवटच्या फेरीत दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली. शुक्रवारी दुपारी तिने ती दुसरी ऑफर स्वीकारली, मॅनेजरला दोन ओळींत आभार मानून तसं कळवलं आणि मला फोन केला. पोर्टल मी काल सहज उघडलं. त्या डुप्लिकेटच्या जागी रिक्रूटरने तेव्हा हाताने बदललेली नोंद आहे, आणि तिच्या नावापुढे अजूनही 'इन प्रोसेस' दिसतं.