उष्णता आत जन्मते तेव्हा

चुलीवर किंवा गॅसवर उष्णता बाहेरून आत जाते. आधी भांडं तापतं, मग पदार्थाची कड आणि शेवटी मधला भाग. त्यामुळे आत काय चाललं असेल याचा अंदाज आपल्याला वाफेवरून, रंगावरून, बोटाला लागणाऱ्या चटक्यावरून येतो. मायक्रोवेव्हमध्ये हा क्रम मोडतो, आणि त्याचे धोके समजून घ्यायचे तर इथूनच सुरुवात करायला हवी.

या यंत्रात तापलेलं असं काही नसतं. मॅग्नेट्रॉन नावाची नळी विद्युतचुंबकीय लहरी तयार करते. त्यांची कंपनं सेकंदाला सुमारे २४५ कोटी आणि लांबी साधारण १२ सेंटिमीटर. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण असतं. लहरीतल्या विद्युत क्षेत्राची दिशा सतत उलटत राहते आणि तिच्यामागे वळण्याच्या धडपडीत रेणू शेजारच्या रेणूंवर आदळत राहतात. ही धडपड म्हणजेच उष्णता. बर्फातले रेणू एकमेकांना जखडलेले असल्यामुळे त्यांना असं वळता येत नाही. म्हणून गोठलेल्या पदार्थाचा वितळलेला कोपरा उकळू लागतो, तरी शेजारचा भाग दगडासारखाच राहतो.

‘मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो’ हा समज मात्र खरा नाही. ओलसर पदार्थात या लहरी दोन-तीन सेंटिमीटर शिरेपर्यंत बऱ्याच क्षीण होतात. मोठ्या बटाट्याचा गाभा शेवटी नेहमीसारखाच, बाहेरच्या थरांकडून उष्णता घेत तापतो. अंड्याची रुंदी मात्र जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटर असते. म्हणजे सगळ्या बाजूंनी आलेल्या लहरी थेट बलकापर्यंत पोचतात.

धातू याच्या अगदी उलट वागतो: तो लहरींना आत येऊच देत नाही. त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन क्षेत्राबरोबर मागेपुढे धावतात आणि लहर परतवून लावतात. ओव्हनच्या भिंती याच कारणासाठी धातूच्या असतात. दाराच्या काचेमागच्या जाळीची भोकंही १२ सेंटिमीटरच्या लहरीपुढे इतकी लहान असतात की प्रकाश बाहेर येतो, पण ही लहर येत नाही. तेव्हा धोका सरसकट धातूचा नसून त्याच्या आकाराचा आहे. जेवणाच्या काट्याच्या टोकांशी, चुरगळलेल्या फॉइलच्या कडांशी विद्युत क्षेत्र एकवटतं. ते सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टपर्यंत पोचलं की हवा विद्युतवाहक बनते आणि ठिणगी उडते. कपाच्या कडेवरच्या सोनेरी रेघेचा थर इतका पातळ असतो की त्यातून धावणारा प्रवाह त्या रेघेलाच जाळतो. ठिणगीजवळ कागद असेल तर तो पेटतो. आत धातूच भरपूर आणि पदार्थ जवळजवळ नाही असं झालं, तर परतलेली ऊर्जा मॅग्नेट्रॉनलाच तापवते. हा धोका निदान दिसतो आणि ऐकू येतो. यंत्र लगेच बंद करता येतं.

अंड्याचा धोका दिसत नाही, म्हणून मला तो जास्त गंभीर वाटतो. कच्च्या अंड्याची गोष्ट सरळ आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १.७ लिटर जागा मागते आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून इतकी वाफ वेळेत निसटू शकत नाही. पण कवच काढलं म्हणजे सुटलो, असं नाही. उकडून सोललेलं अंडं पुन्हा गरम करायला ठेवलं, नीट बाहेर काढलं आणि दाताखाली येताच फुटलं, असंही घडतं. एका उपाहारगृहात असं अंडं फुटून तोंड भाजल्याचा आणि कान दुखावल्याचा दावा अमेरिकेत न्यायालयात गेला, तेव्हा अँथनी नॅश आणि लॉरेन फॉन ब्लोन या ध्वनितज्ज्ञांनी अंडी मुद्दाम फोडून पाहिली. २०१७ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. एका फुटावर मोजलेला आवाज ८६ ते १३३ डेसिबलच्या दरम्यान होता. अंडी पाण्यात ठेवून तापवली होती, तरी बलकाचं तापमान भोवतीच्या पाण्यापेक्षा जास्त भरत होतं.

त्यांचा तर्क असा: उकडलेल्या बलकातल्या घट्ट प्रथिनांमध्ये पाण्याचे बारीक कप्पे अडकतात. तिथे बुडबुडा सुरू व्हायला जागा नसल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही द्रवच राहतं. सुरी किंवा दात लागून एक कप्पा मोकळा झाला की त्याची झटक्यात वाफ होते, ती शेजारचे कप्पे फोडते, आणि अंडं फुटतं. वरचा पांढरा भाग तेव्हा बोटाला फक्त कोमट लागत असू शकतो. म्हणून हात लावून इथे काहीच कळत नाही, आणि ओव्हनमध्ये अंडं शांत राहिलं हाही पुरावा नव्हे.

अंडं चिरून बलक मोकळा केला तर वाफेला वाट मिळते आणि धोका बराच कमी होतो. अख्खंच गरम हवं असेल, तर गॅसवर उकळलेल्या पाण्यात ते काही मिनिटं ठेवावं. तिथे उष्णता फक्त भोवतीच्या पाण्याकडून येते, आणि त्या पाण्यापेक्षा बलक जास्त तापूच शकत नाही.