फेकलेल्याचा हिशोब

रॉकेटचे गणित कुठून सुरू होते असे विचारले, तर बहुतेक पुस्तके न्यूटनच्या तिसऱ्या नियमाकडे बोट दाखवतात. वायू मागे जातो, रॉकेट पुढे जाते. हे खरे आहे, पण त्यातून रॉकेटला किती वेग मिळेल हे सांगता येत नाही. त्या ‘किती’चे सर्वसाधारण उत्तर सापडायला 1687 पासून दोनशेहून अधिक वर्षे लागली. गणित अवघड होते म्हणून एवढा वेळ गेला असे मला वाटत नाही. ते बारावीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे. अडचण होती ती हिशोबात काय धरायचे आणि काय सोडायचे हे ठरवण्याची.

शांत पाण्यावर एक होडी आहे अशी कल्पना करू. पाण्याचा विरोध नाही असे धरू. माणसासह होडीचे वस्तुमान 100 किलो आणि तिच्यात 100 किलो दगड. माणूस दगड मागे फेकतो, आणि दूर जाणारा दगड होडीच्या सापेक्ष सेकंदाला 10 मीटर वेगाने जातो. सगळे दगड एकाच गाठोड्यात बांधून फेकले तर होडीला किती वेग मिळेल? आधी सगळे स्थिर होते, म्हणजे एकूण संवेग शून्य. नंतरही तो शून्यच राहिला पाहिजे. होडी आणि गाठोडे सारख्याच वस्तुमानाचे, म्हणून दोघांच्या वाट्याला निम्मा निम्मा वेग येतो. होडी सेकंदाला 5 मीटरने पुढे जाते.

आता तेच दगड 50-50 किलोच्या दोन गाठोड्यांत फेकू. पहिल्या फेकीत 200 किलोंपैकी 50 किलो गेले, होडीला अडीच मीटरचा वेग मिळाला. दुसऱ्या फेकीच्या वेळी होडीत 150 किलोच उरले आहेत, म्हणून तेवढ्याच 50 किलोंनी 3.33 मीटरची भर पडली. एकूण 5.83. दहा-दहा किलोच्या दहा फेकी केल्या तर बेरीज 6.69 वर जाते. वाळूच्या कणांसारखे अगदी बारीक तुकडे करून सतत फेकत राहिलो तर ती 6.93 वर येऊन थांबते. हा आकडा म्हणजे 10 गुणिले 2 चा नैसर्गिक लॉगॅरिथम, आणि तो 2 म्हणजे सुरुवातीचे वस्तुमान भागिले शेवटचे वस्तुमान. रॉकेटचे समीकरण यात पूर्ण आले:

Δv = u ln(m₀/m₁)

इथे u हा बाहेर पडणाऱ्या वायूचा रॉकेटच्या सापेक्ष वेग. लॉगॅरिथम कुठून आला हेही होडीत दिसते. प्रत्येक फेकीने मिळणारी भर त्या क्षणी उरलेल्या वस्तुमानाने भागली जाते, आणि अशा भागाकारांची सलग बेरीज केली की लॉगॅरिथमच मिळतो.

हाच प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे हाताळला गेला तो युद्धाच्या गरजेतून. म्हैसूरच्या सैन्याची लोखंडी नळीची रॉकेटे इंग्रजांनी सोसली होती. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांचे नमुने वूलिचला गेले, आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून आपली रॉकेटे तयार केली. त्याच वूलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणाऱ्या विल्यम मूरने 1813 मध्ये रॉकेटच्या गतीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दारू जळत जाते तसे रॉकेट हलके होत जाते, हे त्याने गणितात आणले आणि त्याच्या उत्तरात लॉगॅरिथम आला. पुढे त्याच्या कामाकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्याला तोफखान्याचा प्रश्न सोडवायचा होता. बदलत्या वस्तुमानाचा सर्वसाधारण नियम हा त्याचा विषय नव्हता.

तो नियम लिहिताना एक चूक फार सहज होते, आणि आजही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ती दिसते. बल म्हणजे संवेग बदलण्याचा दर, हे आपण पाठ केलेले असते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वस्तुमान बदलते आहे ना, मग दोन्हींचे अवकलन करा, झाले! आता पुन्हा होडीकडे या. होडी सेकंदाला 5 मीटरने चालली आहे आणि माणूस एक दगड न फेकता अलगद काठावरून सोडून देतो. बाहेरचे बल काही नाही. वरच्या पद्धतीने होडीचा संवेग कायम राहिला पाहिजे. वस्तुमान कमी झाले, म्हणजे वेग वाढला पाहिजे. प्रत्यक्षात काहीच घडत नाही. सुटलेला दगड स्वतःचा 5 मीटरचा वेग घेऊन होडीबरोबरच सरकत राहतो, आणि त्याच्या वाट्याचा संवेग त्याच्याजवळच असतो. या चुकीची आणखी एक खूण आहे. काठावरचा माणूस आणि होडीच्याच वेगाने शेजारून जाणारा नावाडी यांनी तोच हिशोब केला तर दोघांची उत्तरे वेगळी येतात, कारण नावाड्याच्या दृष्टीने होडीचा वेग शून्य असतो. एकसमान वेगाने जाणाऱ्या दोन निरीक्षकांना बल वेगवेगळे दिसू लागले की समीकरणात गफलत आहे असे खुशाल समजावे.

उपाय एकच. क्षणाच्या आधी जे जे आत होते ते सगळे क्षणानंतरही हिशोबात ठेवायचे, बाहेर गेलेल्या कणासकट. इव्हान मेश्चेर्स्की यांनी 1897 मध्ये सेंट पीटर्सबर्गला सादर केलेल्या प्रबंधात हे नेमकेपणाने मांडले. त्यांच्या समीकरणात वस्तुमान बदलण्याच्या दराला गुणणारा वेग हा सुटणाऱ्या कणाचा वस्तूच्या सापेक्ष वेग असतो. वस्तूचा जमिनीच्या सापेक्ष वेग तिथे येत नाही. अलगद सोडलेल्या दगडाचा सापेक्ष वेग शून्य, म्हणून होडीवर परिणाम शून्य. जोरात फेकलेल्या दगडाचा 10, म्हणून धक्का. रॉकेटचा रेटा, ज्याला थ्रस्ट म्हणतात, तो यातूनच येतो: दर सेकंदाला बाहेर जाणारे वस्तुमान गुणिले त्याचा सापेक्ष वेग. रॉकेट स्वतः किती वेगात आहे याच्याशी रेट्याचा संबंध उरत नाही. म्हणूनच रॉकेट स्वतःच्या वायूपेक्षाही वेगाने जाऊ शकते.

कालुगातले शिक्षक कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की यांच्या हस्तलिखितात रॉकेटच्या अंतिम वेगाचे सूत्र दिसते तेही 1897 चेच. ते 1903 मध्ये प्रसिद्ध झाले. मूरने रॉकेट कुठे पडेल ते पाहिले होते. त्सिओल्कोव्स्कींनी तेच सूत्र उलटे वाचले: पृथ्वी सोडायला इतका वेग हवा, तर किती इंधन न्यावे लागेल? उत्तर कठोर होते. वायूच्या वेगाइतका वेग मिळवायला सुरुवातीचे वस्तुमान शेवटच्या 2.72 पट लागते, दुप्पट वेगाला 7.4 पट, तिपटीला 20 पट. वेग बेरजेने वाढतो आणि वजन गुणाकाराने. म्हणून त्यांनी तोफेची दारू सोडून द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुचवले. सूत्रात u लॉगॅरिथमच्या बाहेर आहे. तो वाढवला की फायदा सरळ मिळतो.

u खरोखर वाढवून दाखवला तो रॉबर्ट गोडार्ड यांनी. नेहमीच्या दारूच्या रॉकेटमध्ये वायू सेकंदाला सुमारे 300 मीटरने निघत असे. आधी आकुंचन पावून मग पसरत जाणारे नॉझल वापरून त्यांनी हा वेग 2.4 किलोमीटरच्या आसपास नेला. त्यांनी रॉकेट निर्वात नळीतही पेटवले आणि रेटा कमी न होता थोडा वाढलेलाच आढळला. तरी 1920 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्यांना सुनावले की रेटायला हवा नसेल तर रॉकेट चालणार नाही. हा समज अजून ऐकू येतो. त्याचे मूळही हिशोबातच आहे. रॉकेट ज्याला रेटते ते त्याने सोबत आणलेले असते, आणि बघणारा ते मोजायचे विसरतो. हवेने उलट थोडे नुकसानच होते. नॉझलच्या तोंडाशी वायूचा दाब आणि बाहेरचा दाब यांतला फरकही रेट्यात मिळतो, आणि बाहेरचा दाब शून्य झाला की तो फरक वाढतो. संवेगाच्या पदाला हे दाबाचे पद जोडल्याशिवाय रेट्याचा आकडा पुरा होत नाही. व्यवहारात दोन्ही एकत्र करून ‘परिणामी’ u वापरतात, आणि तो उंचीबरोबर बदलतो.

हे सगळे एका खऱ्या रॉकेटवर लावून पाहू. अपोलोचे सॅटर्न-5 जमिनीवर उभे असताना सुमारे 2,900 टनांचे होते. पहिल्या टप्प्याची पाच इंजिने दर सेकंदाला मिळून सुमारे 13 टन केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन बाहेर फेकत. जमिनीजवळ परिणामी u सेकंदाला 2.6 किलोमीटर. गुणाकार केला की रेटा जवळपास 3 कोटी 40 लाख न्यूटन येतो. 2,900 टनांचे वजन तोलायलाच त्यातले 2 कोटी 85 लाख खर्च होतात. उरते ते मोजकेच, म्हणून सुरुवातीचे त्वरण गुरुत्वाच्या जेमतेम एक पंचमांश आणि उड्डाण इतके सावकाश. पण रेटा टिकून असतो आणि वजन घटत जाते. दोन मिनिटांनंतर यात्रींना स्वतःच्या वजनाच्या चौपट भार जाणवू लागे. तो आणखी वाढू नये म्हणून 135 सेकंदांच्या सुमारास मधले इंजिन मुद्दाम बंद करत. बदलत्या वस्तुमानाचा परिणाम इतका थेट, की त्यासाठी चालू इंजिन विझवावे लागले.

पहिल्या टप्प्याचे सुमारे 2,100 टन इंधन संपले की 800 टन उरतात. गुणोत्तर 3.6, त्याचा लॉगॅरिथम 1.28. वरच्या विरळ हवेतला वाढता u धरून सरासरी 2.9 घेतली तर 3.7 किलोमीटर प्रतिसेकंद वेग मिळायला हवा. प्रत्यक्षात जमिनीच्या सापेक्ष तो सुमारे 2.4 होता. उरलेले 1.3 किलोमीटर मुख्यतः गुरुत्वाने खाल्ले, थोडे हवेच्या घर्षणाने. रॉकेट सरळ वर चढत असताना ज्वलनाचा प्रत्येक सेकंद 9.8 मीटर गिळतो. सूत्र चुकलेले नसते. ते बाह्य बल नसताना लिहिलेले आहे, आणि गणिताचा आकडा व प्रत्यक्ष वेग यांतली तफावत पाहूनच हे नुकसान मोजतात.

या 800 टनांत सुमारे 130 टन म्हणजे रिकामा झालेला पहिला टप्पा. तो टाकून दिला की 670 टन उरतात. दुसरा टप्पा हायड्रोजन जाळतो, त्याचा u 4.1 किलोमीटर, आणि त्यात सुमारे 450 टन इंधन असते. 670 वरून 220 टनांवर येताना सूत्र 4.6 किलोमीटरची भर सांगते. तोच रिकामा टप्पा सोबत ओढत नेला असता तर 800 वरून 350, आणि भर 3.4 वर अडकली असती. इंधनाचा एक थेंबही न वाचवता, फक्त रिकामे लोखंड-ॲल्युमिनियम सोडून दिल्याने सेकंदाला 1.2 किलोमीटर हाती आले. त्सिओल्कोव्स्कींनी 1929 मध्ये लिहिलेल्या रॉकेटांच्या आगगाडीचा हिशोब तो हाच. सोडलेल्या टप्प्याचा सापेक्ष वेग जवळजवळ शून्य असतो, म्हणून त्याने सोडताना धक्का दिला नाही. फायदा झाला तो पुढच्या प्रत्येक किलो वायूला रेटायला कमी वस्तुमान उरले म्हणून.